वजा बारा लाखांचा स्वल्पविराम

गृहनिर्माण संस्थेचा किंवा पतसंस्थेचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्याला कधी ना कधी एक गोष्ट खटकते. बेरीज अचूक असते, पण १२,३४,५६७ ऐवजी पडद्यावर १,२३४,५६७ दिसते. मग तो ओळखीपाळखीत विचारतो आणि फिरत फिरत त्याच्याकडे ही ओळ येते:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

ही ओळ हिशेब करत नाही. आकडा कसा दाखवायचा एवढेच सांगते. अर्धविरामांनी तिचे तीन भाग पडतात. रक्कम कोटीची किंवा त्याहून मोठी असेल तर पहिला भाग लागू होतो, लाखाची किंवा त्याहून मोठी असेल तर दुसरा, आणि उरलेल्या सगळ्यांसाठी तिसरा. आपल्याकडे उजवीकडचे तीन अंक एकत्र आणि पुढे दोन-दोनांचे गट, तर पाश्चात्त्य पद्धतीत सगळेच गट तिनांचे. त्यामुळे ९९,९९९ पर्यंत दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात. वाटा फुटतात त्या बरोबर एका लाखावर. म्हणून मधलाच एखादा आकडा टाकून बघण्यापेक्षा उंबरठ्यावरचे आकडे टाकावेत: ९९,९९९ आणि १,००,०००, ९९,९९,९९९ आणि १,००,००,०००. या चारही आकड्यांवर वरची ओळ पास होते. बहुतेक जण इथेच थांबतात.

आता त्याच चौकटीत वजा १२३४५६७ टाका. समजा, दुरुस्ती निधीत तेवढी तूट आहे. ही रक्कम कोटीहून मोठी नाही, लाखाहूनही नाही, कारण वजा संख्या शून्याहूनच लहान. ती थेट तिसऱ्या भागात जाते आणि -१,२३४,५६७ अशी छापली जाते. जमेची बाजू लाखांत आणि तूट मिलियनमध्ये! एक्सेलच्या अशा ओळीत अटी दोनच घालता येतात, त्यामुळे वजा लाख आणि वजा कोटी यांना तिथे जागाच उरत नाही. त्यांच्यासाठी ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मधून वेगळी ओळ द्यावी लागते, आणि ती दिल्यावर वजाचे चिन्ह गायब झालेले नाही ना, हेही तपासावे लागते. चुकलेला स्वल्पविराम नुसता डोळ्यांना खुपतो. हरवलेले वजा चिन्ह तुटीला शिल्लक ठरवते.

दुसरी खोच याहून गमतीची आहे. चौकटीत ९९,९९९.६ टाका. अट तपासली जाते मूळ रकमेवर, आणि ती लाखाहून कमी आहे, म्हणून तिसरा भाग निवडला जातो. छापताना मात्र दशांश नको म्हणून तीच रक्कम राउंड ऑफ होऊन एक लाख होते आणि १००,००० अशी दिसते. लाख झाला, पण लाखाचा स्वल्पविराम मिळाला नाही. दशांश नसलेले आकडे टाकून कितीही वेळ तपासत बसलात तरी ही चूक हाती लागणार नाही.

आणि आता खरी पंचाईत. हे सगळे करून पाहिल्यावर तुमच्या संगणकावर कदाचित काहीच चुकलेले दिसणार नाही. वरच्या ओळीतले तिरप्या रेघेमागचे स्वल्पविराम जागच्या जागी खिळलेले आहेत, पण तिसऱ्या भागातला साधा स्वल्पविराम कुठे बसायचे हे विंडोजच्या ‘रिजन’ सेटिंगला विचारतो. तिथे ‘इंग्लिश (इंडिया)’ असेल तर तूट -१२,३४,५६७ अशीच नीट दिसते. तीच फाइल अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर उघडली की बिंग फुटते. पुण्यात तपासलेला ताळेबंद न्यू जर्सीतल्या सभासदाला वेगळा दिसतो तो यामुळे. म्हणून तपासणी दोन्ही सेटिंग लावून करावी. एका सेटिंगवरच्या निकालाला मी तरी तपासणी म्हणणार नाही.

इथवर चुकत होते ते दिसणे. राउंड ऑफमध्ये रक्कमच बदलते. समजा, एका वस्तूची करपूर्व किंमत ११५ रुपये ५० पैसे आहे आणि जीएसटी १८ टक्के. एकदम काढला तर कर २० रुपये ७९ पैसे. पण राज्यातल्या राज्यातल्या विक्रीत तो केंद्र आणि राज्य असा ९-९ टक्क्यांत विभागला जातो. प्रत्येकी १० रुपये साडेएकोणचाळीस पैसे. अर्धा पैसा वर नेला की १०.४०, म्हणजे दोन्ही मिळून २०.८०. एक पैसा कुठून आला, असे गिऱ्हाइकाने विचारले तर उत्तर हेच, की राउंड ऑफ एकदा नव्हे, दोनदा झाले. यात चूक कुणाचीच नाही, पण बिल, खातेवही आणि अहवाल या तिन्ही ठिकाणी ते एकाच टप्प्यावर झाले पाहिजे.

गिऱ्हाइकाने वस्तू परत केली की वजा चिन्ह पुन्हा आडवे येते. क्रेडिट नोटवर कर वजा असतो. कितीतरी वेबसाइटी जावास्क्रिप्टवर चालतात, आणि तिथे पैशांत मोजलेली हीच रक्कम अशी राउंड ऑफ होते:

```
Math.round(1039.5)   // 1040
Math.round(-1039.5)  // -1039
```

बरोबर अर्धा आला की हा आदेश नेहमी मोठ्या संख्येकडे झुकतो, आणि वजाच्या बाजूला मोठी संख्या म्हणजे शून्याकडची. एक्सेलचे `ROUND` मात्र शून्यापासून दूर जाते आणि -१०.४० देते. परिणाम असा, की विकताना कर घेतला २०.८०, परत केला २०.७८, आणि खात्यात दोन पैसे लटकत राहिले. तपासायची रीत सोपी आहे: प्रत्येक बिल उलटे करून पाहा, बाकी शून्यच आली पाहिजे. ती शून्य दाखवतानाही -०.०० असे छापले जात नाही ना, तेही बघा. वजा ०.००४ दोन दशांशांत दाखवायला सांगितले की पुष्कळ प्रणाली असे वजा शून्य निमूटपणे छापतात.

परक्या चलनाशी गाठ पडली की दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे गट पाडण्याची पद्धत चलनाची नसते, वाचणाऱ्याची असते. भारतीय वाचकाला डॉलरही $१२,३४,५६७ असे दिसले तर ते बरोबर, आणि अमेरिकन वाचकाला रुपये ₹१,२३४,५६७ असे दिसले तर तेही बरोबरच. दशांशाच्या जागा मात्र चलनाच्या असतात. रुपयाला दोन, जपानी येनला एकही नाही, कुवेती दिनारला तीन. रुपयासाठी लिहिलेली प्रणाली दिनारलाही दोनच जागा देते. कुवेतहून कुणी १२.३४५ दिनार पाठवले आणि तपासणीपुरता दर २८० रुपये धरला, तर ३,४५६ रुपये ६० पैसे व्हायला हवेत. आधी १२.३५ करून मग गुणले तर ३,४५८ होतात. एका व्यवहारात १ रुपया ४० पैशांचा फरक, आणि पडद्यावर दोन्ही आकडे सारखेच सभ्य दिसतात. म्हणून आधी पूर्ण रक्कम गुणावी, राउंड ऑफ शेवटी आणि एकदाच. उलट रूपांतर करून मूळ रक्कम परत मिळते का, ही चाचणी येनच्या बाबतीत लावू नये. दर ५७ पैसे धरला तर १०० रुपयांचे १७५ येन होतात आणि त्यांचे परत ९९ रुपये ७५ पैसेच येतात. प्रणाली बरोबर असली तरी ही चाचणी नापासच होणार.

रूपांतरित रकमेशेजारी कोणता दर धरला आणि तो कोणत्या तारखेचा, हे छापलेले नसेल तर ती रक्कम तपासताच येत नाही. अशा आकड्यावर सही करू नका.