सर्किट लागलं म्हणजे नेमकं काय थांबलं?

'आज सर्किट लागलं' हे वाक्य आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या घटनांसाठी वापरलं जातं. एकात अख्खा बाजार थांबतो, दुसऱ्यात फक्त एका शेअरचा भाव एका रेषेवर अडकतो. नाव एकच असल्यामुळे घोळ होतो, आणि हा घोळ पैशात महाग पडतो. म्हणून आज दोन्ही यंत्रणा नीट सुट्या करून बघू.

आधी अख्ख्या बाजाराची. सेबीने ही पद्धत जुलै २००१ पासून लागू केली. सेन्सेक्स किंवा निफ्टी ५० यांपैकी जो आधी आदल्या दिवसाच्या बंद भावापासून १०, १५ किंवा २० टक्के हलेल, त्यावर ती चालते. वर गेला तरी आणि खाली गेला तरी. मग देशभरातले शेअर आणि त्यांचे फ्युचर्स-ऑप्शन्स, सगळं एकदम थांबतं. किती वेळ, हे घड्याळावर अवलंबून असतं. १० टक्क्यांची पातळी दुपारी १ च्या आधी मोडली तर ४५ मिनिटं, १ ते २.३० दरम्यान मोडली तर १५ मिनिटं, आणि २.३० नंतर मोडली तर थांबतच नाही. १५ टक्क्यांना १ च्या आधी पावणेदोन तास, १ ते २ मध्ये ४५ मिनिटं, आणि २ नंतर उरलेला दिवस बंद. २० टक्क्यांना वेळ कुठलीही असो, त्या दिवसाचा बाजार संपला.

बरं, या वेळात होतं काय? १३ मार्च २०२० चं उदाहरण घेऊ. आदल्या दिवशी निफ्टी ९,५९०.१५ ला बंद झाला होता. म्हणजे १० टक्क्यांची रेषा साधारण ८,६३१ वर येते. कोरोनाच्या भीतीने सकाळी बाजार उघडला आणि पाचेक मिनिटांतच निफ्टी या रेषेखाली गेला. व्यवहार ४५ मिनिटं थांबले. पण लक्षात घ्या, त्यानंतर बाजार थेट सुरू होत नाही. आधी १५ मिनिटांचं प्री-ओपन सत्र असतं. त्यात सगळ्यांच्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डर नुसत्या गोळा होतात, आणि ज्या एका भावाला सर्वांत जास्त शेअर हात बदलू शकतील तो भाव सुरुवातीचा ठरतो. म्हणजे थांबा कागदावर ४५ मिनिटांचा, पण तुम्हाला तो साधारण तासाभराचा जाणवतो.

त्या दिवशी बाजार पुन्हा उघडल्यावर सावरला आणि निफ्टी चक्क ९,९५५ च्या आसपास, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा ३.८ टक्के वर बंद झाला. हे वाचून 'सर्किट ब्रेकरने बाजार वाचवला' असं म्हणायचा मोह होतो. पण दहाच दिवसांनी, २३ मार्चला, तोच नियम तसाच लागला. निफ्टी आदल्या सत्रात ८,७४५.४५ ला होता, सकाळी दहाच्या सुमारास १० टक्क्यांची रेषा मोडली, तेवढाच थांबा झाला. आणि उघडल्यावर निफ्टी आणखी घसरत ७,६१०.२५ ला, जवळजवळ १३ टक्के खाली बंद झाला.

यंत्रणा एकच, निकाल उलटे. कारण सर्किट ब्रेकर भाव ठरवत नाही, फक्त वेळ देतो. बाजार वेगाने पडतो तेव्हा खरेदीच्या ऑर्डर विरळ होतात आणि थोड्याशा विक्रीनेही भाव धाडकन खाली येतो. थांबा मिळाला की कुणी मार्जिनचे पैसे भरतं, कुणी बातमी तपासतं, मोठे खरेदीदार आपला भाव ठरवतात. पडझड घाईमुळे झाली असेल तर या वेळाचा उपयोग होतो. पडझडीमागे खरंच वाईट बातमी असेल, तर तासाभराने ती बातमी तेवढीच वाईट असते.

रेषा कुठे आखायची हाही प्रश्न आहे. चीनने जानेवारी २०१६ मध्ये ५ टक्क्यांना १५ मिनिटं थांबा आणि ७ टक्क्यांना दिवसभर बंद, असा नियम आणला. दोन्ही रेषा इतक्या जवळ, की पहिली मोडताच लोकांना दुसरीची धास्ती बसली. 'दार बंद व्हायच्या आत बाहेर पडा' या विचाराने विक्री आणखी वाढली. ७ जानेवारीला बाजार अर्ध्या तासाच्या आतच दिवसभरासाठी बंद पडला, आणि चार दिवस वापरलेला नियम गुंडाळावा लागला. अभ्यासक याला चुंबक परिणाम म्हणतात: रेषा जवळ आली की ती भावाला स्वतःकडे ओढते.

आता दुसरी यंत्रणा, एका शेअरचा प्राइस बँड. आदल्या बंद भावाच्या वर-खाली २, ५, १० किंवा २० टक्के अशी पट्टी एक्स्चेंज ठरवून देतं. इथे व्यवहार थांबत नाहीत. पट्टीबाहेरची ऑर्डर फक्त नाकारली जाते. शेअर लोअर सर्किटला असतो तेव्हा बाजार चालूच असतो, पण त्या भावाला विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारं कुणी नसतं. कुणी घ्यायला आलंच, तर रांगेत ज्याची ऑर्डर आधी लागली त्याचा नंबर आधी.

समजा, ५ टक्के पट्टीचा एक शेअर तुमच्याकडे ४०० रुपयांना आहे आणि कंपनीबद्दल वाईट बातमी आली. पहिल्या दिवशी तो ३८० वर अडकतो, दुसऱ्या दिवशी ३६१, तिसऱ्या दिवशी ३४२.९५, चौथ्या दिवशी ३२५.८० वर. तुम्ही ३९० ला स्टॉप लॉस लावला होता? तो ट्रिगर होईल, पण समोर घेणारा नसेल तर ऑर्डर रांगेतच पडून राहील. चार दिवसांत साडेअठरा टक्के गेले आणि एकही शेअर विकला गेला नाही. पट्टीने तुमचं नुकसान थांबवलं नाही, हप्त्यांत वाटून दिलं.

उलट बाजूला इंट्राडे शॉर्ट करणारा अडकतो. शेअर अपर सर्किटला गेला की परत घ्यायला विकणाराच मिळत नाही. हातात नसलेले शेअर द्यायची जबाबदारी उरते, एक्स्चेंज ते लिलावात घेतं, आणि भावातला फरक व दंड तुमच्या खात्यातून जातो. म्हणून लहान पट्टीच्या शेअरमध्ये शॉर्ट करण्याआधी पट्टी बघाच.

ज्या शेअरवर फ्युचर्स-ऑप्शन्स आहेत, त्यांना मात्र पक्की पट्टी नसते. त्यांची पट्टी १० टक्क्यांपासून सुरू होते, आणि कडेला पुरेसे खरे व्यवहार झाले की थोडा वेळ थांबून सरकवली जाते. त्यामुळे 'आज याहून जास्त पडणार नाही' हा हिशेब तिथे चालत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीनवर भाव गोठलेला दिसला की आधी निर्देशांक बघा. तोही गोठला असेल तर घड्याळ बघा, वर दिलेल्या वेळांवरून बाजार कधी उघडेल ते कळेल. उघडल्यावर जुनी ऑर्डर जिवंत आहेच असं धरून चालू नका, ऑर्डर बुक तपासा. निर्देशांक हलतोय आणि फक्त तुमचाच शेअर अडकलाय, तर खरेदी-विक्रीच्या रांगा बघा. एका बाजूला लाखो शेअर आणि दुसऱ्या बाजूला शून्य दिसलं, तर तुमच्या ऑर्डरचा नंबर आज लागेलच असं नाही, आणि उद्याचा हिशेब त्या धरूनच करायला हवा.