फुटेज कुडाळला, एडिटर पुण्याला

दशावतार रात्री रंगतो, त्यामुळे त्याचं चित्रीकरणही रात्रीच होतं. समजा, एका माहितीपटासाठी सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये दोन कॅमेरे लावून वीस तासांचं फुटेज जमवलं आहे. दिग्दर्शक कुडाळला राहतो, एडिटर पुण्याला. चित्र फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम, आणि सोनीच्या कॅमेऱ्यातलं ‘एक्सएव्हीसी एस-आय’ हे स्वरूप. त्यात सेकंदाला साधारण २५० मेगाबिट साठतात. म्हणजे तासाला ११२ जीबी, आणि वीस तासांना सव्वादोन टीबी.

कुडाळच्या घरी अपलोडचा वेग २० मेगाबिट धरला, तर एका तासाचं फुटेज वर चढायला साडेबारा तास लागतात. सगळं चढवायला दहा दिवसांहून जास्त, तेही मध्ये वीज गेली नाही तर! त्यापेक्षा हार्ड डिस्क रात्रीच्या गाडीने पाठवली तर सकाळी पुण्यात असते, हे खरंच आहे. पण पुढच्या जत्रेचं चित्रीकरण झालं की पुन्हा डिस्क, पुन्हा गाडी. शिवाय ती पोहोचली तरी एडिटरच्या लॅपटॉपला दोन कॅमेऱ्यांची फोर-के चित्रं एकत्र चालवताना धाप लागते.

यावरचा तोडगा म्हणजे प्रॉक्सी. प्रत्येक क्लिपची एक हलकी प्रत करायची, १२८० बाय ७२० आकाराची, सेकंदाला पाचेक मेगाबिटची. तासाला सव्वादोन जीबी, वीस तासांना ४५ जीबी. हे पाच तासांत चढतं. रात्री लावून झोपलं की सकाळी तयार. मूळ फुटेज कुडाळहून हलतच नाही.

हे चालतं, कारण एडिटर फुटेजला हात लावतच नाही. तो फक्त ठरवतो की अमुक क्लिप अमुक फ्रेमपासून तमुक फ्रेमपर्यंत, तिच्यामागे ही दुसरी. हे सगळे निर्णय प्रोजेक्ट फाइलमध्ये उतरतात. प्रीमियर प्रोची `.prproj` फाइल उलगडून पाहिली तर आत निव्वळ मजकूर असतो, दाबून लहान केलेला. चित्र एकही नाही. फिल्मच्या जमान्यातही हेच होतं. एडिटर वर्कप्रिंट कापायचा आणि फिल्मच्या कडेला छापलेले आकडे जुळवून निगेटिव्ह नंतर कापली जायची. ते आकडे चुकले की कापलेली निगेटिव्ह परत जुळत नसे. आज मूळ काही कापलं जात नाही, पण जुळणीची जबाबदारी तेवढीच आहे.

आणि घोळ होतो तो इथेच. दोन्ही कॅमेरे सोनीचे, दोन्हींची पहिली क्लिप `C0001.MP4`. कार्ड फॉरमॅट केल्यावर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतील अशी सेटिंग असेल, तर प्रत्येक कार्डावर एकेक `C0001` सापडते. प्रॉक्सी एकाच फोल्डरमध्ये टाकल्या की एक दुसरीवर चढते, किंवा शेवटी मूळ फुटेज जोडताना संकासुराच्या जागी प्रेक्षकांतली आजी येते. आजी आली तर निदान लक्षात येतं. त्याच नाटकाची दुसऱ्या रात्रीची क्लिप आली, तर कपडे तेच, रंगमंच तोच, आणि घोळ थेट पडद्यावर दिसतो. म्हणून कार्ड डिस्कवर उतरवून झालं की सगळ्यात आधी नावं बदलावीत, जसं `A1_C0001`: पहिला कॅमेरा, पहिलं कार्ड. सोबतच्या `C0001M01.XML` फाइलचं नावही त्याच वेळी बदलावं. प्रॉक्सी त्यानंतर.

प्रॉक्सी बनवायची सोय एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतेच. डाव्हिंचीसोबत ‘ब्लॅकमॅजिक प्रॉक्सी जनरेटर’ हा वेगळा प्रोग्रॅमही येतो. मला मात्र `ffmpeg` बरं वाटतं, कारण काय होतंय ते डोळ्यांसमोर राहतं:

```
ffmpeg -i A1_C0001.MP4 -map 0:v:0 -map 0:a \
  -vf scale=1280:720 -c:v libx264 -b:v 5M \
  -g 12 -pix_fmt yuv420p -c:a aac A1_C0001_Proxy.mp4
```

यातल्या तीन गोष्टी नवखा माणूस सोडून देतो. दोन्ही `-map` नसतील तर अनेक ऑडिओ ट्रॅकपैकी एकच प्रतीत येतो, नुसतं `-map 0:a` गाळलं तर एकही नाही, आणि पखवाजासाठी लावलेला वेगळा माइक गायब होतो. `-pix_fmt yuv420p` नसेल तर दहा बिटांचं मूळ चित्र दहाच बिटांत उतरतं, आणि ते उलगडायला लॅपटॉपला पुन्हा कष्ट पडतात. `-g 12` चं काम जरा आतलं आहे. प्रॉक्सीच्या या स्वरूपात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक पूर्ण फ्रेम आणि पुढे फक्त बदल. `libx264` चं नेहमीचं अंतर २५० फ्रेमपर्यंत असतं, म्हणजे दहा सेकंदांत एक पूर्ण चित्र. एडिटर टाइमलाइनवर मागेपुढे सरकला की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब मांडत यावं लागतं आणि चित्र अडखळतं. बारा ठेवलं की सेकंदाला दोन पूर्ण चित्रं मिळतात.

कुणी मोबाइलवर काही शूट करून दिलं असेल, तर ते वेगळं काढावं. मोबाइलचा फ्रेमचा वेग बऱ्याचदा स्थिर नसतो. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहाव्या मिनिटाला सुटतात. अशा क्लिपची आधी स्थिर वेगाची प्रत करून तिलाच मूळ मानावं. प्रॉक्सी मूळ क्लिपशी जुळते का, याची तपासणी सोपी आहे: सगळ्यांत लांब क्लिपची शेवटची फ्रेम मूळ आणि प्रॉक्सी अशी आळीपाळीने पाहायची. ती जुळली तर मधलं बहुधा जुळलेलं असतं.

आता सामायिक फोल्डर. आत तीन कप्पे पुरेत: प्रॉक्सी, प्रोजेक्ट, एक्स्पोर्ट. प्रॉक्सीत फक्त दिग्दर्शक लिहील, प्रोजेक्टमध्ये फक्त एडिटर. हा नियम कडक वाटेल, पण क्लाउड फोल्डरला ‘ही फाइल पुण्यात उघडी आहे’ हे कळेलच असं नाही. दोघांनी एकाच वेळी सेव्ह केलं, तर ड्रॉपबॉक्स ‘conflicted copy’ नावाची दुसरी फाइल करून ठेवतो आणि कोणते कट कुठे आहेत हे शोधत बसावं लागतं. एडिटरने रोज नव्या तारखेची प्रोजेक्ट फाइल ठेवली की हा ताप वाचतो. सॉफ्टवेअरच्या कॅशे फाइलींनी मात्र या फोल्डरमध्ये येऊ नये. त्या सतत बदलतात आणि इंटरनेट खाऊन टाकतात. प्रॉक्सीच्या फोल्डरला ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवावं. नाहीतर फाइलचं नाव दिसतं, पण आतला माल अजून इंटरनेटवरच असतो, आणि प्ले दाबल्यावर लॅपटॉप तो उतरवत बसतो.

एडिटरने प्रॉक्सी ही प्रॉक्सी म्हणूनच जोडली पाहिजे. दिग्दर्शक आधी मूळ क्लिपांचा प्रोजेक्ट तयार करून त्यांना प्रॉक्सी जोडतो आणि तोच प्रोजेक्ट पुण्याला पाठवतो. तिथे मूळ फाइल ‘ऑफलाइन’ दिसते, प्रॉक्सी चालते. त्याऐवजी एडिटरने थेट हलक्या फाइली आयात करून त्यांवर झूम आणि जागा ठरवली, तर कुडाळला मूळ चित्र जोडल्यावर ३८४० रुंदीची फ्रेम १२८० च्या हिशेबात बसते. प्रत्येक शॉट तिप्पट फुगतो आणि कलाकाराचं फक्त नाक उरतं.

सगळं नीट जुळलं तरी प्रॉक्सीला दिसत नाही असं काही राहतंच. ७२० रेषांच्या चित्रात किंचित सुटलेला फोकस ठीकच वाटतो, अंधारातला दाणेदारपणाही दबून जातो. जत्रेतल्या रात्रीच्या प्रकाशात दोन्ही भरपूर असतात. म्हणून कट पक्का करण्याआधी त्यात वापरलेले क्लोजअप दिग्दर्शकाने मूळ फुटेजवर, मोठ्या पडद्यावर, शंभर टक्के आकारात पाहावेत. एखादा मऊ निघाला तर बदली शॉट सुचवायला तेव्हा वेळ असतो. रंगसंगतीचं काम सुरू झाल्यावर नसतो.