बाजाराला कल आहे की नाही?

एडीएक्स हा निर्देशांक वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडला. तो 0 ते 100 च्या मोजपट्टीवर कलाचा जोर सांगतो, दिशा नाही. भाव वेगाने कोसळतानाही तो चढतो. दिशा +DI आणि -DI या सोबतच्या दोन रेषांवरून कळते.

समजा, बिटकॉइन-टेथर जोडीच्या चार तासांच्या आलेखावर 14 कांड्यांचा एडीएक्स 18 आहे. साधारणपणे 20 च्या खाली भाव एका पट्ट्यात फिरतो असे मानतात. तेव्हा तळाशी घेऊन माथ्यावर विकणे जमते. 25 च्या वर मात्र कलाबरोबर जाणेच बरे. मधला भाग संदिग्ध.

आता भाव पट्ट्याबाहेर उसळला. +DI 30, -DI 15 झाले. त्यांतील फरकाला बेरजेने भागून शंभरपट केल्यास 33.3 येतात. पण नवा एडीएक्स जुन्याचे तेरा भाग आणि या आकड्याचा एक भाग मिळून बनतो, म्हणून तो जेमतेम 19.1 होतो. कल सुरू झाला तरी निर्देशांक पट्टाच दाखवतो. खरी फसगत इथेच होते. त्यामुळे पट्ट्यातल्या सौद्याला पट्ट्याबाहेर स्टॉपलॉस हवाच.