‘जुळणारे’ आणि ‘आहे’ यांतले अंतर

इटलीत पोटाची सोनोग्राफी झाली की जो कागद हातात मिळतो, त्याला ‘रेफेर्तो’ म्हणतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे असलेली मराठी माणसे घरी येताना तो बरोबर आणतात आणि घरच्यांना कळावा म्हणून भाषांतराला देतात. मजकूर जेमतेम दहा-पंधरा ओळींचा, बहुतेक वाक्यांना क्रियापदही नसते. अवघड वाटतात ती अवयवांची नावे. पण ‘फेगातो’ म्हणजे यकृत आणि ‘मिल्त्सा’ म्हणजे प्लीहा, हे कोशात लगेच सापडते. खरा कस लागतो तो डॉक्टरांनी किती खात्रीने काय म्हटले आहे, हे मराठीत आणताना.

नमुन्यादाखल यकृताबद्दलची एक ओळ घेऊ: ‘आल सेस्तो सेग्मेन्तो, फोर्मात्सियोने इपेरेकोजेना आ मार्जिनी नेत्ती दी 1,2 सेंटीमीटर, कोम्पातीबिले इन प्रीमा इपोतेसी कोन आंजियोमा.’

‘सेग्मेन्तो’ म्हणजे यकृताचा खंड. क्लोद कुइनो या फ्रेंच शल्यविशारदांच्या पद्धतीत यकृताचे आठ भाग मानतात, त्यांतला हा सहावा. तो उजवीकडे, खाली, मागच्या बाजूला असतो. पुढचा आकडा 1,2. इटलीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणून आपल्याकडे तो 1.2 लिहायचा. टायपिंगमध्ये ते चिन्ह गळले, तर हरभऱ्याएवढा ठिपका 12 सेंटीमीटरचा होतो.

‘फोर्मात्सियोने’ला मी ‘गाठ’ म्हणत नाही. मराठी घरात गाठ म्हटले की पुढचे काही कुणी ऐकत नाही. मूळ शब्द तटस्थ आहे: आजूबाजूच्या पेशीजालाहून वेगळा दिसणारा भाग. ‘इपेरेकोजेना’ म्हणजे ध्वनिलहरी जास्त परतवणारा, म्हणून पडद्यावर उजळ दिसणारा. तेव्हा ‘कडा स्पष्ट असलेला, उजळ दिसणारा भाग’ असे लिहिले की पुरते.

आता शेवटचे शब्द. आंजियोमा म्हणजे रक्तवाहिन्यांची, कर्करोगाची नसलेली वाढ. यकृतात ती बऱ्याच जणांना असते आणि सहसा त्रास देत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, ‘अँजिओमा आहे.’ तो वाचणाऱ्या डॉक्टरांनी ‘आहे’वर काट मारली. सोनोग्राफीला परतलेला ध्वनी तेवढा कळतो, पेशी कळत नाहीत. अँजिओमा बहुधा असाच उजळ आणि रेखीव दिसतो, पण काही घातक गाठीही तशाच दिसू शकतात. म्हणून ‘कोम्पातीबिले’, म्हणजे ‘जुळणारे’: दिसले ते अँजिओमाच्या चित्राशी जुळते, एवढेच. ‘इन प्रीमा इपोतेसी’साठी ‘प्रथमदर्शनी’ चटकन सुचते, पण त्यात घाईने पाहिल्याची छटा येते. डॉक्टरांना म्हणायचे आहे की शक्यतांमध्ये ही पहिली. म्हणजे दुसरीही आहे. मी लिहितो: ‘अँजिओमाशी जुळणारे, ही शक्यता सर्वांत आधी विचारात घ्यावी.’

याच्या वरच्या पायरीवर ‘रिफेरीबिले आ’ असते, म्हणजे ‘यामुळे असे मानता येते’. खालच्या पायरीवर ‘नोन सी पुओ एस्क्लूदेरे’, म्हणजे ‘नाकारता येत नाही’. या तिन्हींना सरसकट ‘असू शकते’ लिहिले, तर पायऱ्या सपाट होतात.

नकाराचेही तसेच. पित्ताशयापुढे ‘अलितिआसिका’ असते. त्यातला पहिला ‘अ’ आपल्या ‘अभय’मधल्या ‘अ’सारखा आहे: खडे नसलेले. तो नजरेतून सुटला की नसलेले खडे भाषांतरात येतात. स्वादुपिंडापुढे अनेकदा ‘नोन एस्प्लोराबिले पेर मेतेओरिस्मो’ असते, म्हणजे आतड्यातल्या वायूमुळे ते तपासता आले नाही. इथे ‘स्वादुपिंडात दोष आढळला नाही’ असे लिहिणे सरळ चूक आहे. ज्या अवयवाची तपासणीच झाली नाही, तो निरोगी ठरवल्यासारखे होते.

शेवटच्या ओळीत असते, ‘ऊतिले कोन्त्रोल्लो आ 6 मेसी’. शब्दशः लावले तर ‘सहा महिन्यांनी नियंत्रण उपयुक्त’, आणि त्यातून काहीच बोध होत नाही. ‘कोन्त्रोल्लो’ म्हणजे इथे फेरतपासणी, आणि ‘ऊतिले’ हा सौम्य शब्दांतला सल्ला: सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी. ही ओळ आणि वरचे ‘जुळणारे’ एकमेकांना धरून आहेत. वर ‘अँजिओमा आहे’ असे लिहून बसलो, तर वाचणारा म्हणेल, निदान झालेच आहे, मग पुन्हा कशाला? आणि तो जाणार नाही.