रिकामी जागा, पुढचं नाव

रेल्वेची प्रतीक्षा यादी आपल्या ओळखीची आहे. कुणी तिकीट रद्द केलं की मागचे पुढे सरकतात आणि जागा आपोआप मिळते. प्रवाशाला कुणी विचारत बसत नाही, कारण त्याने पैसे आधीच भरलेले असतात. उन्हाळी शिबिराच्या यादीत मात्र नुसतं नाव असतं. महिन्यापूर्वी मुलीचं नाव देऊन ठेवलेल्या आईने एव्हाना तिला दुसऱ्या शिबिरात घातलेलं असू शकतं. म्हणून इथे जागा परस्पर द्यायची नाही. ती देऊ करायची आणि उत्तरासाठी मुदत ठेवायची.

३० जागांचं पोहण्याचं शिबिर घेऊ. यादीत प्रत्येकाचं नाव, फोन आणि नाव नोंदवल्याची नेमकी वेळ हवी. क्रम त्या वेळेवरूनच ठरतो. शिवाय नावापुढे एक रकाना हवा: थांबलेला, जागा देऊ केली, पक्की, नको म्हणाला, मुदत संपली. बुधवारी सकाळी ११ वाजता कुणीतरी माघार घेतली. संगणकाने लगेच पहिल्या थांबलेल्या नावाला मेसेज पाठवायचा आणि रकान्यात ‘जागा देऊ केली’ असं नोंदवायचं.

गोंधळ होतो तो इथेच. नोंदणीच्या फॉर्मला २९च पक्के दिसतात, तो पुन्हा खुला होतो आणि आत्ताच आलेला कुणीतरी ती जागा घेऊन जातो. तासाभराने यादीतली आईही होकार कळवते आणि ३० जागांवर ३१ मुलं होतात. हे टाळायचं तर देऊ केलेली जागाही भरलेलीच धरली पाहिजे:

रिकाम्या जागा = एकूण − पक्क्या − देऊ केलेल्या

म्हणजे ३० − २९ − १ = ०. आणि यादीत एकही जण थांबलेला असेपर्यंत नव्या माणसाला थेट जागा मिळताच कामा नये, त्याचं नाव शेवटी लागलं पाहिजे.

मुदत किती ठेवायची, हे शिबिराला किती दिवस उरलेत त्यावर ठरवावं. प्रत्येकाला २४ तास दिले आणि हातात तीनच दिवस असले, तर जेमतेम तिघांना विचारून होतं. चौथा हजर असूनही जागा रिकामी राहते. माझ्या मते आठवडा असेल तर २४ तास, तीन दिवस असतील तर सहा, आणि आदल्या दिवशी सरळ फोन करावा. सहा तासांच्या मुदतीत रात्री नऊ ते सकाळी आठ हा वेळ मोजू नये. रात्री साडेदहाला आलेला मेसेज न पाहता झोपलेल्या माणसाची पाळी पहाटे निघून जाणं हा सरळ अन्याय आहे.

मुदत टळल्यावर जुन्या मेसेजमधल्या लिंकवरून होकार आला तर तो स्वीकारला जाऊ नये. तोवर जागा पुढच्याला देऊ केलेली असते. आणि मेसेजमध्ये ‘२४ तासांत कळवा’ असं न लिहिता ‘गुरुवारी सकाळी ११ वाजेपर्यंत कळवा’ असं लिहा.