शक्यतेकडून शिफारशीकडे

गंगा कृती योजनेचा प्रारंभ १९८६ मध्ये वाराणसीत झाला. तेथील सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी पुढे दोन पर्याय चर्चेत आले : विजेवर चालणारे सक्रिय गाळ संयंत्र आणि प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांच्या संकटमोचन फाउंडेशनने सुचविलेली तळ्यांची पद्धत. समजा, सल्लागाराच्या अहवालाचा निष्कर्ष असा आहे : ‘दोन्ही पर्याय शक्य आहेत, निवड जमीन, वीज व खर्च यांवर अवलंबून राहील.’ विधान खरे आहे. परंतु त्यावर कोणासही निर्णय घेता येत नाही.

टिप्पणी लिहिणाऱ्याने प्रथम प्रयोजन पाहावे. काशीस लोक नदीत स्नान करतात, आचमन घेतात. म्हणून रोगजंतू घटणे ही पहिली कसोटी. वीज गेल्यावर मैला नदीत न जाणे ही दुसरी, खर्च त्यानंतर. या क्रमाने तळी प्रथम ठरतात, कारण पाणी तेथे अनेक दिवस उन्हात राहून जंतू मरतात आणि विजेवरील भिस्त कमी होते. संयंत्र दुसरे, त्यास निर्जंतुकीकरणाची वेगळी जोड द्यावी लागते. तळ्यांना मात्र विस्तीर्ण जागा हवी. ती न मिळाल्यास क्रम उलटेल, हे शिफारशीतच नोंदवावे आणि जमिनीची मोजणी कोणी व केव्हापर्यंत करावी, तेही लिहावे.