संध्याकाळचा मेल, सकाळचं उत्तर

चाकणच्या पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या कोणत्याही कारखान्यात प्रॉडक्शन आणि क्वालिटी यांचं सासू-सुनेचं नातं असतं. पुढचं उदाहरण मी रचलेलं आहे, पण तिथे नोकरी केलेल्याला ते ओळखीचं वाटेल. संध्याकाळी ६.४० ला प्रॉडक्शनच्या माणसाचा मेल येतो: ‘क्वालिटीने लॉट अडकवून ठेवल्यामुळे आजची गाडी माल न घेता गेली. ग्राहकाला काय सांगायचं ते आता क्वालिटीनेच सांगावं.’ प्रत प्लँट हेडना. खरं तर असे मेल कंपनीच्या इंग्रजीत चालतात. इथे ते मराठीत देतो.

क्वालिटीच्या इंजिनिअरने लगेच लिहिलेलं उत्तर असं: ‘तुमचा आरोप वाचून हसू आलं. लॉट आमच्याकडे ५ वाजता आला. तपासणीला दोन तास लागतात हे एवढ्या वर्षांत तुम्हाला कळलेलं नाही. तुम्ही नेहमीच आयत्या वेळी माल आणून टाकता आणि खापर आमच्यावर फोडता. दिवाळीतही हेच केलं होतं. तुमच्या प्लॅनिंगची शिक्षा आम्ही का भोगायची? साहेबांनी याची नोंद घ्यावी.’

हे लिहिण्यात वावगं काही नाही, फक्त ते ‘रिप्लाय’च्या चौकटीत लिहू नये. तिथे पत्ते आधीच भरलेले असतात आणि बोट कुठे पडेल सांगता येत नाही. कोऱ्या नोटमध्ये लिहावं. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात संतापलेला माणूस स्वतःचंच वाक्य कौतुकाने पुन्हा वाचत असतो. संगणकावरच्या आउटलुकमध्ये नियम लावून प्रत्येक मेल १२० मिनिटांपर्यंत रोखून धरता येतो. रागीट स्वभावाच्या माणसाने तो जरूर लावावा.

पण थांबायचं म्हणजे गप्प बसायचं, असं नाही. मेलची प्रत वरिष्ठांना गेलेली आहे. रात्रभर काहीच उत्तर आलं नाही, तर ‘मुकाट्याने कबूल केलं’ असाच अर्थ लागतो. म्हणून त्याच संध्याकाळी दोन ओळी जाऊ द्याव्यात: ‘मेल मिळाला. आजच्या नोंदी तपासून उद्या सकाळी ११ पर्यंत सविस्तर लिहितो.’ यात माघार नाही आणि वादही नाही. शिवाय ११ ची वेळ दिल्यामुळे उत्तर चार दिवस लांबणीवर टाकायची सोयही उरत नाही.

आता रात्र कशी घालवायची? पुष्कळांची समजूत अशी की राग बाहेर काढला की तो ओसरतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही समजूत तपासून पाहिली. ६०० विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि त्यावर मुद्दाम अपमानास्पद शेरे दिले. मग काहींना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, मनात तो शेरे मारणारा आणून. काहींनी व्यायामाचा विचार करत ठोसे मारले. उरलेले नुसते बसून राहिले. सर्वांत जास्त राग पहिल्या गटात दिसला. शेरे मारणाऱ्याला त्रास द्यायची संधी मिळाली, तेव्हा सर्वांत कमी आक्रमक ठरले ते काहीच न केलेले.

म्हणजे मसुदा लिहून झाल्यावर तो बायकोला वाचून दाखवायचा, मित्राला फोन करून पुन्हा सगळं सांगायचं, अंथरुणात आणखी झणझणीत वाक्यं जुळवायची, हे थांबणं नव्हे. यात रात्र जाते आणि राग सकाळी ताजातवाना उठतो. भाजी निवडावी, मुलाचं गणित घ्यावं, काहीही करावं. त्या माणसाचा विषय तेवढा नको.

सकाळी सगळ्यात आधी रजिस्टर उघडायचं, मसुदा नंतर. आपल्या इंजिनिअरला तिथे लॉटची नोंद ४.१५ ची सापडते. ५ ही तपासणीला हात लागल्याची वेळ होती. मधली पाऊण तास पेटी टेबलाशी पडून होती, कारण निरीक्षक दुसऱ्या लॉटवर होता. कालचं उत्तर गेलं असतं, तर प्रॉडक्शनने याच नोंदीचा फोटो सगळ्यांना पाठवला असता आणि बाकीचं सगळं खरं असूनही क्वालिटी खोटी पडली असती. रागाच्या भरात आपण आठवणीवर फार भरवसा टाकतो, आणि आठवण त्या वेळी आपल्याच बाजूने साक्ष देते.

मग मसुदा. त्यात सात वाक्यं आहेत आणि माहिती देणारी दोनच: लॉट कधी आला, तपासणीला किती वेळ लागतो. त्यातलं एक चुकीचं निघालं. ‘नेहमीच’ हा शब्द तर समोरच्याच्या हातात कोलीत आहे. एक अपवाद दाखवला की काम झालं. दिवाळीचा हिशेब वेगळा, तो या मेलमध्ये आणला की चर्चा दिवाळीचीच होणार. आणि या सगळ्यात मुख्य गोष्ट राहूनच गेली: प्रॉडक्शनने उद्यापासून नेमकं काय करावं, हे कुठेच लिहिलेलं नाही. मला वाटतं, रागाचा खरा उपयोग इथे आहे. आपल्याला नक्की काय हवं आहे ते तो दाखवतो, फक्त मागणी मात्र करत नाही.

नवा मेल असा होतो: ‘लॉटची नोंद ४.१५ ची आहे. तपासणी ५ ला सुरू होऊन ७ ला संपली. मधली ४५ मिनिटं आमच्याकडे गेली. ती गेली नसती तरी तपासणी ६.१५ ला संपली असती आणि गाडी ६ ला सुटते. संध्याकाळच्या गाडीचा लॉट ३.३० पर्यंत आमच्याकडे यायला हवा. उशीर होणार असेल तर दुपारी मला फोन करा, मी दुसरा माणूस लावतो.’

आपली ४५ मिनिटं स्वतःहून कबूल केल्यामुळे पुढचं ६.१५ चं गणित खोडून काढणं अवघड होतं. प्रत ज्यांना आधी होती त्यांनाच जावी. नवं नाव एकही वाढवू नये. पाठवण्याआधी त्या माणसाला फोन केला तर फारच बरं.

दुसऱ्या मसुद्यालाही एक धोका असतो. शिव्या जातात आणि त्यांच्या जागी सौजन्याचे चिमटे येतात: ‘आधी कळवल्याप्रमाणे’, ‘कृपया नोंद घ्यावी’, ‘आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तीला सांगायला नकोच’. लिहिणाऱ्याला वाटतं, नेमका टोला बसला. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हे मोजलं होतं. आपल्या ईमेलमधला उपरोध ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना तो ५६ टक्के वेळाच ओळखता आला, म्हणजे नाणं उडवण्याहून थोडंच बरं. चिमटा एक तर कळत नाही, नाहीतर हव्या त्यापेक्षा जोरात बसतो.

ही सगळी खटपट कामाच्या भांडणासाठी आहे. सहकारी जातीवरून बोलला, शिवी दिली, धमकी दिली, तर सौम्य मसुद्याचा घाट घालायचा नाही आणि त्या माणसाला उत्तरही द्यायचं नाही. तेव्हाही आधी थांबावं, पण तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं एवढं लिहून काढण्यापुरतं. ते लिहिलेलं एचआरकडे द्यावं आणि एक प्रत कंपनीच्या मेलबाहेर, स्वतःजवळ ठेवावी.